हात आवरण्याचा दिवस

अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा न जुंपणारे ‘सोमवार तेली’ही कोकणात होतेच. त्यामुळे एका घरचा बैल एखाद्या वारी मोकळा असण्यात कुणाला फार नवल वाटलं नसावं. ही माणसं म्हणजे बेने इस्रायल, महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ती आपले पूर्वज, असं ते सांगतात. बाहेरच्या ज्यू जगाशी त्यांचा संबंध कित्येक शतकं तुटला होता, धर्मग्रंथ हाताशी नव्हते, हिब्रू भाषाही जवळजवळ विसरली गेली होती. उरल्या त्या मोजक्या गोष्टी: मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, ‘शमा’ ही प्रार्थना, आणि शनिवारी घाणा बंद.

इतकं सगळं हातून निसटलं तरी शनिवार राहिला, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. कारण बाहेरून पाहिलं तर त्या दिवशी ‘काहीच’ होत नाही. आणि काहीच न करण्याचे नियम ज्यूंनी जितक्या बारकाईने लिहून ठेवले आहेत, तितके काही करण्याचेही क्वचितच कुणी लिहिले असतील.

या दिवसाला शब्बाथ म्हणतात. ज्यू पंचांगात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. सुरुवात थोडी आधी धरायची रीत आहे. घरातली बाई बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी दिवे लावते. जेरूसलेममध्ये ही वेळ 40 मिनिटं आधीची. एकंदर पंचवीसेक तासांचा हा कालावधी ऋतूप्रमाणे सरकतो. लंडनमध्ये डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारासच दिवे लावावे लागतात, आणि मग शुक्रवारी दुपारीच ऑफिसातून निघण्याची परवानगी साहेबांकडे मागत बसावी लागते.

या काळात काम करायचं नाही. पण काम म्हणजे काय?

आपल्याला वाटतं, काम म्हणजे कष्ट. ज्यू शास्त्र तसं म्हणत नाही. शनिवारी घरातलं जड टेबल या खोलीतून त्या खोलीत ओढत नेलं, घाम निघाला, तरी शास्त्राच्या दृष्टीने मूळ नियम मोडत नाही. काडेपेटीतली एक काडी ओढली तर मोडतो. चार मैल पायी चालत सिनेगॉगमध्ये जाता येतं, गाडीची किल्ली फिरवून दोन मिनिटांत जाता येत नाही. नुसतं ऐकलं तर हा हटवादीपणा वाटेल. पण मनाई श्रमाला नाही, घडवण्याला आहे, एवढं ध्यानात घेतलं की नियमांची सगळी जुळणी उलगडू लागते.

तोरा या मूळ धर्मग्रंथात शब्बाथच्या दिवशी काम करू नका अशी आज्ञा आहे, पण कुठलं काम ते फारसं सांगितलेलं नाही. मात्र ‘निर्गम’ या दुसऱ्या भागात एक गोष्ट लक्षात येते. वाळवंटात फिरणारे इस्रायली लोक देवासाठी तंबूचं मंदिर उभारतात, त्याच्या बांधकामाच्या तपशीलवार सूचनांना लागूनच शब्बाथची आज्ञा पुन्हा येते. रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मशास्त्री, यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की देवाचं घर बांधण्याचं कामसुद्धा त्या दिवशी थांबवायचं आहे. तर मग ते मंदिर उभारायला जी जी कामं लागली, तीच मना. इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात अशा 39 कामांची यादी आहे. तिथे ती ‘चाळीसला एक कमी’ अशी मोजली आहे.

ही यादी वाचताना एक जुनं खेडं नजरेसमोर उभं राहतं. नांगरणी, पेरणी, कापणी, पेंढ्या बांधणं, मळणी, उफणणी, निवडणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं: ही पहिली अकरा कामं म्हणजे शेतातल्या मातीपासून ताटातल्या भाकरीपर्यंतचा पुरा प्रवास. पुढे मेंढीच्या लोकरीपासून कापडापर्यंतची कामं येतात, मग शिकारीपासून कमावलेल्या चामड्यापर्यंतची, त्यावर लिहिण्याची, लिहिलेलं खोडण्याची. शेवटी बांधणं, पाडणं, विस्तव पेटवणं, विझवणं, वस्तूवर अखेरचा हातोडा मारणं, आणि घरातली वस्तू बाहेर रस्त्यावर किंवा बाहेरची आत नेणं. कच्च्या मालावर हात फिरवून माणूस त्याचं काहीतरी करतो, त्या साऱ्या कृती इथे आहेत. कमीत कमी मापंही ठरलेली आहेत. लिहिण्यात दोन अक्षरं, शिवण्यात दोन टाके. एवढ्यावर वस्तू ‘झाली’ असं धरतात.

यातलं ‘निवडणं’ आपल्या घरांना चांगलंच ओळखीचं. तांदूळ ताटात पसरायचे आणि खडे वेचून बाजूला काढायचे, हे शब्बाथला चालत नाही, कारण ते नको असलेलं काढून धान्य तयार करणं झालं. पण मग जेवताना काय करायचं? समजा समोर वाटीत शेंगदाणे आणि बेदाणे एकत्र आहेत आणि तुम्हाला बेदाणेच हवे आहेत. हाताने बेदाणे उचलून खाल्ले तर चालतं. शेंगदाणे वेचून दूर केले आणि स्वच्छ बेदाण्यांची वाटी तयार केली, तर तो नियमभंग. बेदाणेच उचलले, पण डबीत भरून उद्यासाठी ठेवले, तरीही नियमभंग. म्हणजे अटी तीन: हवं ते नको त्यातून घ्यायचं, हाताने घ्यायचं, चाळणीसारखं साधन वापरायचं नाही, आणि आत्ताच्या आत्ता खायला घ्यायचं. तिन्ही पाळल्या तर ती कृती जेवणाचा भाग ठरते, एक जरी सुटली तर ती उत्पादन ठरते. वाटी तीच, बेदाणे तेच, हातही तोच. बदलतं ते एवढंच की माणूस समोरच्या गोष्टीचा उपभोग घेतोय की तिला सुधारून साठवतोय.

मला हा नियम सगळ्या यादीची किल्ली वाटतो. सहा दिवस माणूस जगाकडे ‘यात अजून काय करायचं राहिलंय’ अशा नजरेने पाहतो. सातव्या दिवशी जग आहे तसं पुरं झालेलं आहे असं मानून त्यात राहायचं. काम खरोखर संपलेलं नसतंच. धान्य अर्धं दळलेलं असतं, हिशेब अर्धे, पत्र अर्धं. जुन्या रब्बायांची शिकवण अशी की शब्बाथ लागला की आपलं सगळं काम झालं आहे असं समजून बसावं. हे ‘समजणं’ मनाने एकदम होत नाही. म्हणून हाताला आधी थांबवायचं, मन मागाहून येईल, असा हा व्यवहारी हिशेब आहे.

आता एका घरातला शुक्रवार पाहू. नियम काटेकोर पाळणाऱ्या, ज्यांना ऑर्थोडॉक्स म्हणतात अशा घरांपैकी कुठलंही घर धरा.

दुपारपासून धावपळ असते. विस्तव पेटवायचा नाही, पण आधी पेटवलेला राहू द्यायला हरकत नाही. म्हणून शनिवार दुपारचं जेवण शुक्रवारीच चढवलं जातं. युरोपातल्या ज्यूंकडे बीन्स, सातू, बटाटे आणि मांस एकत्र शिजवलेलं चोलंत असतं. बगदादहून मुंबई-पुण्यात आलेल्या ज्यूंकडे तांदूळ भरलेली कोंबडी रात्रभर मंद आचेवर ठेवतात, तिला तबीत म्हणतात. दिवे लागण्याआधी पदार्थ निदान खाण्याजोगा शिजलेला असायला हवा, आणि आच वरखाली करायचा मोह होऊ नये म्हणून शेगडीवर पत्रा झाकतात. पाण्याचा मोठा विजेचा थर्मास गरम करून ठेवतात. चहाची पूड कढत पाण्यात टाकणं म्हणजे शिजवणंच, म्हणून दाट कोरा चहा आधीच करून ठेवायचा आणि शनिवारी तो कपातल्या गरम पाण्यात मिसळायचा. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो, तेव्हा तो बल्ब सैल करायचा. फाडणंही त्या 39मध्ये असल्याने संडासातले कागदसुद्धा आधी फाडून ठेवलेले असतात. बैठकीचे दिवे रात्री अकराला आपोआप विझतील असं घड्याळ लावायचं. फोन बंद करून कपाटात.

विजेचा प्रश्न अर्थातच मिश्नेत नव्हता. तापून लाल होणारी बल्बची तार म्हणजे विस्तवच, हे बहुतेकांना पटलं. पण पंख्याचं काय, जिथे काहीच तापून लाल होत नाही? बने ब्राकचे ‘हझोन ईश’ या नावाने ओळखले जाणारे रब्बाय म्हणत की विजेचं मंडल पुरं करणं हे बांधकाम आहे. जेरूसलेमचे श्लोमो झल्मान आउअरबाख यांना तो युक्तिवाद पटला नव्हता. तरीही रूढी म्हणून बटण दाबू नये, असंच त्यांनी सांगितलं. विद्वानांचं कारणावर एकमत नाही आणि आचारावर आहे, अशी ही गंमत.

सूर्यास्त जवळ येतो. निदान दोन दिवे लावतात. युरोपीय ज्यूंच्या रीतीप्रमाणे बाई आधी दिवा लावते, मग हातांनी डोळे झाकून आशीर्वाद म्हणते आणि नंतर डोळे उघडते. एरवी आशीर्वाद आधी आणि कृती मागाहून, असा क्रम असतो. इथे उलटं, कारण आशीर्वाद म्हटला की तिच्यापुरता शब्बाथ लागलाच, मग काडी ओढता येणार नाही. या दिव्यांच्या मागे एक जुना वादही आहे. आठव्या-नवव्या शतकापासून जोर धरलेला कराईट पंथ म्हणत असे की शब्बाथला घरात विस्तव नकोच. त्यांनी त्या रात्री अंधारात बसून थंड अन्न खावं असं सांगितलं. रब्बायांनी बरोबर उलट सांगितलं: उजेड हवा, गरम जेवण हवं, आणि तसं असणं हेच कर्तव्य. या दिवशी उपास करायचा नाही (वर्षातून एकदा येणारा योम किप्पूर तेवढा अपवाद), जाहीर शोक करायचा नाही. घरात मृत्यू होऊन आठवडाही झालेला नसला तरी शोकाचं बसणं त्या दिवसापुरतं बाजूला ठेवायचं. आपल्याकडे व्रत म्हटलं की पोट आधी आठवतं. एकादशीच्या सवयीने शब्बाथकडे पाहणाऱ्याचा गोंधळ होतो, कारण इथे चांगलं जेवणं हाच व्रताचा भाग आहे. तीन जेवणं ठरलेली आहेत. टेबलावर दोन पाव ठेवतात, कारण वाळवंटात आकाशातून पडणारं ‘मान्ना’ शुक्रवारी दुप्पट पडत असे आणि शनिवारी पडत नसे. द्राक्षारसाचा पेला हातात घेऊन दिवसाला पवित्र म्हणायचं. कोकणात द्राक्षाची दारू कुठून यायची? बेने इस्रायल घरांत काळे मनुके पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत करतात आणि त्यावर हा विधी होतो.

शुक्रवार संध्याकाळच्या प्रार्थनेचा आजचा घाट सोळाव्या शतकात उत्तर इस्रायलमधल्या सफेद या गावी घडला. तिथले गूढवादी साधक शब्बाथला वधू आणि राणी मानून तिला आणायला गावाबाहेर शेतात जात. श्लोमो अल्काबेझ यांनी तिथे रचलेलं ‘लेखा दोदी’ हे गीत आज जगभरच्या सिनेगॉगमध्ये म्हणतात, आणि शेवटच्या कडव्याला सगळी सभा वळून दाराकडे तोंड करते.

पण माझ्या मते या उपासनेतली सगळ्यात बोलकी गोष्ट जी म्हटली जात नाही ती आहे. रोज तीन वेळा उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत 19 आशीर्वाद असतात. त्यातल्या मधल्या 13मध्ये मागणी असते: बुद्धी दे, आजार बरे कर, पीकपाणी चांगलं होऊ दे, क्षमा कर. शब्बाथला हे तेराही गळतात. त्यांच्या जागी दिवसाचा एकच आशीर्वाद येतो आणि एकूण सात उरतात. देवाशी बोलायचं, पण याचना करायची नाही. कारण याचना केली की काय काय कमी आहे ते आठवतं, आणि जग पुरं आहे असं मानून बसलेल्या माणसाचा तो सगळा डाव मोडतो. घरातल्या बोलण्यालाही हाच नियम. पैशांना हात लावायचा नाही, इतकंच काय, सोमवारी अमक्याकडून इतके येणं आहे ही चर्चाही टाळायची. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात या दिवशी स्वतःचे व्यवहार बोलू नयेत अशी सूचना आहे, त्यावरून हे आलं.

इथे आपण नेमक्या प्रश्नापाशी येतो: या सगळ्या थांबण्यातून मिळतं काय?

सोपं उत्तर असं की सहा दिवस दमलेल्या माणसाला ताजंतवानं होता येतं. हे उत्तर नवं नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका ज्यूंवर टीका करत असे की हे लोक आयुष्याचा सातवा हिस्सा आळसात घालवतात. साधारण त्याच काळात अलेक्झांड्रियात राहणारा ज्यू तत्त्ववेत्ता फिलो ग्रीक वाचकांना समजावत होता की विश्रांतीने शरीर ताजं होतं आणि माणूस पुन्हा जोमाने कामाला लागतो. फिलोची अडचण समजते. त्याला समोरच्याच्या भाषेत बचाव करायचा होता. पण बचाव करताना त्याने दावाच सोडून दिला. कामासाठीच विश्रांती असेल, तर ती कामाचाच एक भाग झाली, यंत्राला तेल घालण्यासारखी.

ज्यू आचारशास्त्रातला एक छोटा नियम फिलोच्या अगदी विरुद्ध बाजूला उभा आहे. शब्बाथच्या दिवशी शब्बाथनंतरच्या गोष्टीची तयारी करू नये. शनिवारी रात्रीच्या पाहुण्यांसाठी दुपारी टेबल मांडायचं नाही, दुसऱ्या दिवशी लागतील म्हणून भांडी विसळून ठेवायची नाहीत. दुपारी झोपायला मात्र काही हरकत नाही, उलट शब्बाथची दुपारची झोप म्हणजे सुखच मानतात. फक्त ‘रात्री काम करायचंय, म्हणून आत्ता झोपतो’ असं म्हणायचं नाही. झोपेत काही फरक पडत नाही, पण हेतू बोलून दाखवला की शनिवारची झोप रविवारच्या नोकरीला लागते. शब्बाथ आठवड्याचा नोकर नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

विसाव्या शतकात हा मुद्दा सगळ्यात नेटकेपणाने मांडला तो अब्राहम जोशुआ हेशेल यांनी. वॉर्साच्या एका हसिदिक घराण्यात 1907 साली जन्मलेले हेशेल नाझींच्या तडाख्यातून निसटून अमेरिकेत पोचले. त्यांच्या जवळच्या माणसांपैकी बरीच मारली गेली. 1951 साली, जेव्हा अमेरिकेत घरं, गाड्या, यंत्रं यांची रेलचेल होत होती, तेव्हा त्यांनी ‘द सॅबथ’ हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस जागा जिंकण्यात, वस्तू जमवण्यात आयुष्य घालवतो, पण ज्यू धर्माने पावित्र्य ठेवलं ते काळात. मंदिर जाळता येतं, आणि जेरूसलेमचं मंदिर दोनदा पाडलं गेलंच. शनिवार जाळता येत नाही. फिलोचं नाव घेऊन त्यांनी सांगितलं की शब्बाथ आठवड्यासाठी नसून आठवडा शब्बाथसाठी आहे. हे वाक्य काव्यमय वाटेल, पण वर सांगितलेला झोपेचा नियम पाहिला की हेशेल यांनी नवीन काही रचलं नाही, आचारात आधीच असलेलं उघड केलं, हे कळतं. हेच हेशेल 1965 साली सेल्मा इथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर मोर्चात चालले. शब्बाथची शांतता म्हणजे जगाकडे पाठ, असा अर्थ त्यांनी तरी लावला नव्हता.

लावता येणारही नाही, कारण आज्ञेचं दुसरं अंगच तसं आहे. दहा आज्ञा तोरामध्ये दोनदा येतात आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे वेगळं दिलं आहे. एकीकडे कारण सृष्टीचं: देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी थांबला. दुसरीकडे कारण इतिहासाचं: तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होतात, तिथून तुम्हाला सोडवलं, हे आठवा. गुलामाची व्याख्याच अशी की त्याला स्वतःच्या मर्जीने थांबता येत नाही. म्हणून जो थांबतो त्याने दुसऱ्यालाही थांबू द्यायचं. आज्ञेत नावं घेऊन सांगितलं आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दाराशी राहणारा परका. अलिबागच्या घाण्याचा बैल या यादीत थेट येतो. मालकाने स्वतः विसावा घ्यावा आणि गड्याला जुंपावं, ही सोय शास्त्राने ठेवलेली नाही. स्वतःला मना असलेलं काम बिगरज्यू शेजाऱ्याला सांगून करून घेणंही रब्बायांनी मना केलं. युरोपातल्या गावांत हिवाळ्यात शेगड्या पेटवायला शेजारचा माणूस येत असे. कडाक्याच्या थंडीमुळे आणि आजाऱ्यांमुळे ती सूट मिळाली, पण त्या सुटीची पळवाट किती वेळा झाली याचीही कबुली ज्यू ग्रंथांत आहेच.

नियम जिथे थांबतो ती जागाही स्पष्ट आहे. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचा. हे कळायला किंमत मोजावी लागली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सेल्युसिड राजाविरुद्ध उठाव झाला तेव्हा गुहांत लपलेल्या ज्यूंवर शब्बाथला हल्ला झाला. त्यांनी हात उचलला नाही आणि ते मारले गेले. त्यानंतर मत्ताथियाच्या साथीदारांनी ठरवलं की हल्ला झाला तर शब्बाथलाही लढायचं. पुढे रब्बायांनी हे तत्त्व आजारपणापर्यंत नेलं. बाराव्या शतकातले मैमोनिडीस हे मोठे शास्त्री स्वतः वैद्य होते. त्यांनी सांगितलं की रुग्णासाठी शब्बाथ मोडायची वेळ आली तर ते काम मुलांवर किंवा बिगरज्यूंवर ढकलू नका, समाजातल्या विद्वानांनीच करा, म्हणजे कुणाला शंका उरणार नाही. आज ऑर्थोडॉक्स वस्त्यांतली स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकं शनिवारी गाड्या चालवतात, फोन उचलतात, ते याच आधाराने.

आता उणी बाजू. पहिली म्हणजे शुक्रवार. शनिवारी चूल बंद असणं हा घरातल्या बाईला खरा विसावा आहे, पण दोन दिवसांचा स्वयंपाक, झाडलोट आणि मुलांच्या अंघोळी एका दुपारीत बसवणारीही बहुधा तीच असते. तालमूदमध्ये मोठमोठे विद्वान शब्बाथसाठी स्वतः मासे खारवत, लाकडं फोडत, असे दाखले आहेत. ते सांगण्याचा हेतू उघड आहे, आणि कितीतरी घरांत तो अजून पोचलेला नाही. दुसरी म्हणजे घराबाहेर वस्तू न नेण्याचा नियम. कडेवरचं मूल आणि बाबागाडी यांनाही तो लागू होतो, म्हणून तान्ह्या मुलाची आई घरातच अडकते. यावर तोडगा म्हणून वस्तीभोवती खांब आणि तार बांधून सगळी वस्ती एक अंगण मानतात, त्याला एरूव म्हणतात. दर आठवड्याला ती तार तपासावी लागते. वाऱ्याने कुठे तुटली असेल तर त्या शनिवारी बाबागाड्या घरीच. तिसरी अडचण पोटाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत शनिवारी न येणाऱ्याला सोमवारी काम नसे. कित्येकांनी नोकरी धरली आणि शब्बाथ सोडला. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण थांबण्याचा हक्क ज्याच्या हातात नाही त्याच्याबद्दलच तर ती आज्ञा होती.

आजचे सगळे ज्यू हे सगळे नियम पाळत नाहीत. रिफॉर्म पंथाने 39 कामांचा काटेकोरपणा कधीच मागे टाकला. अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह पंथाने 1950 साली, उपनगरांत दूर राहणाऱ्यांना सिनेगॉगपर्यंत गाडीने यायला परवानगी दिली. हेतू चांगला होता, पण परिणामांवर तेव्हापासून वाद आहे. पायी यायचं म्हणून लोक सिनेगॉगभोवती राहत, शनिवारी दुपारी एकमेकांच्या घरी डोकावत. गाडी आली तशी ती शेजारवस्ती विरळ झाली, अशी खंत त्या पंथातल्याच रब्बायांनी बोलून दाखवली आहे. मला त्यांचं पटतं. एक नियम ढिला केला की दिवसाचा तेवढाच भाग जात नाही, त्याच्या आधाराने उभं असलेलं भलतंच काहीतरी कोसळतं. मात्र चार मैल चालणं ज्या म्हाताऱ्यांना शक्य नव्हतं त्यांच्यापुढे हा युक्तिवाद करायची माझी हिंमत नाही.

शनिवारी रात्री तीन तारे दिसले की हवदाला हा निरोपाचा विधी होतो. अनेक वातींची पीळदार मेणबत्ती पेटवतात. सहा दिवसांचं काम विस्तवापासूनच पुन्हा सुरू होतं. लवंग-दालचिनीसारख्या मसाल्याची डबी सगळ्यांच्या हातांतून फिरते आणि प्रत्येक जण वास घेतो. शब्बाथला माणसाला एक जास्तीचा आत्मा मिळतो आणि तो आता निघून गेलाय, म्हणून उरलेल्याला जरा धीर द्यायचा, असं कारण सांगतात. मेणबत्ती द्राक्षारसात विझवतात, आणि कपाटातला फोन बाहेर येतो.

तुम्हाला कधी एखाद्या ज्यू घरी शुक्रवार रात्रीच्या जेवणाचं बोलावणं आलं, तर दोनतीन गोष्टी ध्यानात ठेवा. भेटवस्तू न्यायची असेल तर दिवे लागण्याआधी पोचवा. जेवणाच्या टेबलावर फोन काढू नका, फोटो तर नकोच. आणि बाथरूममधून बाहेर पडताना सवयीने दिवा बंद करू नका. तो घरच्यांना पुन्हा लावता येणार नाही, आणि तुम्ही लावा असंही ते तुम्हाला सांगू शकणार नाहीत.